सोन्याच्या एका भावात दोन जोखमी : जयनगरच्या आयातदाराचा हिशोब

बंगळुरू : सन 2025 च्या ऑक्टोबर महिन्यात आंतरराष्ट्रीय बाजारात सोन्याने औंसामागे 4 हजार डॉलरचा टप्पा प्रथमच ओलांडला आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरची किंमत प्रथमच 90 रुपयांच्या वर गेली. ग्राहकाच्या दृष्टीने या दोन्ही बातम्यांचा अर्थ एकच, सोने महागले. दक्षिण बंगळुरूतील जयनगरच्या चौथ्या ब्लॉकमधील सराफी दालनांत दरफलकावर लिहिलेला आकडाही एकच असतो. मात्र परदेशातून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यासाठी त्या आकड्यात दोन वेगवेगळे भाव दडलेले असतात आणि त्या दोहोंचा बंदोबस्त त्याला वेगवेगळा करावा लागतो.

भारतातील सोन्याचा भाव म्हणजे ढोबळमानाने डॉलरमधील सोन्याचा भाव गुणिले रुपयांतील डॉलरचा भाव, आणि त्यावर आयात शुल्क. गुणाकारातील पहिली संख्या जागतिक बाजारात ठरते. दुसरी ठरते ती मुंबईच्या परकीय चलन बाजारात, आणि तेथे रिझर्व्ह बँकेचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हात असतो. या दोन संख्या कधी एकाच दिशेने चालतात, कधी विरुद्ध दिशेने. गुणाकार स्थिर दिसला म्हणून त्याचे घटक स्थिर आहेत असे मानणे, ही या व्यवसायातील जुनी आणि महागडी चूक आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जयनगरातील किंवा नगरतपेठेतील प्रत्येक सराफाला चलनाची ही स्वतंत्र जोखीम नसते. बँकेकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून रुपयांत सोने घेणाऱ्याचा प्रश्न फक्त रुपयांतील भावाचा असतो. जुने सोने मोडीत घेणाऱ्याचेही तसेच. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील मराठी गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ पेठांत जे सोने वितळवून शुद्ध करतात, त्याचे देणे रुपयांतच असते. डॉलर वधारला तर त्यांच्याकडील साठ्याची किंमत वाढते, पण कोणाला डॉलर चुकते करायचे नसतात. अशा व्यापाऱ्याने वायदे बाजारात तेवढेच सोने विकून ठेवले की त्याचे संरक्षण पुरे होते. ज्याच्या अंगावर डॉलरचे देणे आहे, त्याचा हिशोब येथून वेगळा होतो.

दहा किलो सोन्याचे उदाहरण

समजा, जयनगरातील एका आयातदाराने दुबईहून 22 कॅरटचे दागिने मागविले. (साध्या दागिन्यांच्या आयातीवर जुलै 2023 मध्ये परवान्याचे निर्बंध लागू झाले, संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या व्यापार कराराच्या कोट्यातून होणारी आयात त्यातून वगळण्यात आली होती.) दागिन्यांचे वजन 10 किलो 920 ग्रॅम, म्हणजे त्यात चोख सोने सुमारे 10 किलो किंवा 321.5 औंस. भाव औंसामागे 3 हजार डॉलर ठरला. सोन्याचे 9 लाख 64 हजार 500 डॉलर आणि घडणावळीचे 40 हजार डॉलर, असे हे बिल 60 दिवसांनी चुकते करायचे आहे. खरेदीच्या दिवशी डॉलर 86 रुपयांना आहे. आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. शुल्क आणि कर तूर्त बाजूला ठेवू.

खरेदीच्या दिवशी या सोन्याची किंमत सुमारे 8 कोटी 29 लाख रुपये होते आणि सोन्यापोटीचे देणेही तेवढेच. आता समजा, मुदत संपण्याच्या सुमारास सोने 2 हजार 850 डॉलरवर उतरले आणि डॉलर 89 रुपयांवर चढला. साठ्याची किंमत 8 कोटी 15 लाख होईल. दरफलकावरील भाव पावणेदोन टक्क्यांनीही घसरलेला नाही, त्यामुळे नुकसान 14 लाखांचे आहे असे वाटेल. प्रत्यक्षात देणे मात्र 8 कोटी 58 लाखांवर गेलेले असते आणि तोटा होतो सुमारे 43 लाखांचा. दरफलकाने त्यातील दोन तृतीयांश भाग झाकून ठेवलेला असतो.

या आयातदाराकडे संरक्षणाचे दोन मार्ग आहेत. ते परस्परांना पर्याय आहेत, एकमेकांत मिसळण्यासाठी नाहीत.

पहिला मार्ग देशी वायदे बाजाराचा. मुंबईच्या मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर नोव्हेंबर 2003 पासून सोन्याचे वायदे चालतात. मुख्य करार 1 किलोचा असतो आणि भाव 10 ग्रॅमला रुपयांत सांगितला जातो. आयातदार खरेदीच्या दिवशीच 10 करार विकतो. ही संख्या चोख सोन्यावर काढावयाची असते, दागिन्यांच्या वजनावर नव्हे. वजन पाहून 11 करार विकले तर जवळजवळ एक किलो सोने नसताना विकल्यासारखे होते. वरील उदाहरणात रुपयांतील भाव घसरल्यामुळे या विक्रीवर सुमारे 14 लाखांचा नफा मिळेल आणि साठ्यावरील तूट भरून निघेल. उरलेले 29 लाख हे निव्वळ डॉलर तीन रुपयांनी महाग झाल्याचे आहेत. त्यांच्यासाठी बँकेशी वेगळा करार करावा लागतो : 60 दिवसांनंतर ठरलेल्या भावाने डॉलर घेण्याचा फॉरवर्ड करार. एक्स्चेंजवर सोने विकणे आणि बँकेकडून डॉलर घेऊन ठेवणे, या दोन कृती मिळून पहिला मार्ग पूर्ण होतो. एकच केली तर तो अर्धा राहतो.

दुसरा मार्ग सोन्याचे संरक्षण डॉलरमध्येच करण्याचा. भारतीय व्यापाऱ्यांना परदेशी बाजारात सोन्याच्या भावाचे संरक्षण घेण्यास पूर्वी परवानगी नव्हती. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2022 मध्ये गुजरातच्या गिफ्ट सिटीतील आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्राच्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर ती दिली आणि एप्रिल 2024 मध्ये तेथील बँकांशी थेट करार करण्याचीही मुभा दिली. या मार्गाने 321.5 औंस डॉलरमध्ये विकले, तर औंसामागे 150 डॉलरची घसरण 48 हजार 225 डॉलर मिळवून देते. डॉलर 89 रुपयांना असताना त्याचे सुमारे 43 लाख रुपये होतात, म्हणजे संपूर्ण तोटा भरून निघतो.

या दुसऱ्या मार्गात सोन्यापोटीच्या डॉलरचे संरक्षण कोठेच घेतलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ही विसरलेली गोष्ट नव्हे. माल अद्याप विकलेला नाही आणि पैसेही चुकते झालेले नाहीत, तोपर्यंत डॉलर चढला की देणे वाढते आणि त्याच प्रमाणात साठ्याची रुपयांतील किंमतही वाढते. साठा हीच येथे डॉलरची ढाल असते. त्यावर पुन्हा सोन्याच्या पूर्ण रकमेचा फॉरवर्ड करार केला, तर ते संरक्षण राहत नाही, डॉलर वधारेल या अपेक्षेवर लावलेली ती पैज होते. डॉलर 84 वर उतरला तर त्या पैजेत 19 लाखांहून अधिक रक्कम जाईल, आणि साठा व देणे परस्परांना आधीच सांभाळत असल्यामुळे ती भरून काढायला काहीही उरलेले नसेल. सावधपणाच्या नावाखाली घेतलेली ही जोखीम ताळेबंदात सहज दिसत नाही, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे.

घडणावळीचे 40 हजार डॉलर मात्र दोन्ही मार्गांत वेगळे राहतात. त्यांच्यामागे सोने नाही. डॉलर महागला म्हणून जयनगरातील ग्राहक घडणावळीचे जास्त पैसे देईलच असे नाही. या रकमेला केवळ चलनाची जोखीम आहे, तेव्हा तिचा फॉरवर्ड करार पहिल्या दिवशीच करणे उचित ठरते.

दोन घड्याळे

खरा गुंता विक्री सुरू झाल्यावर होतो. सोन्याची जोखीम दागिना विकला जातो त्या क्षणी संपते, चलनाची जोखीम बँकेतून डॉलर रवाना होतात त्या दिवशी. या दोन घटना क्वचितच एका दिवशी घडतात.

वरील आयातदाराने विसाव्या दिवशी 4 किलो चोख सोन्याइतके दागिने विकले, असे समजा. पहिला मार्ग घेतला असेल तर त्याने त्याच दिवशी एक्स्चेंजवरील 4 करार परत खरेदी करून मिटविले पाहिजेत. ग्राहकाला त्या दिवसाच्या भावाने माल दिला गेला, आता त्या सोन्याच्या चढउताराशी त्याचा संबंध राहिला नाही. फॉरवर्ड कराराला मात्र हात लावावयाचा नाही. ग्राहकाचे रुपये तिजोरीत आले तरी दुबईचे देणे डॉलरमध्येच आणि पूर्णच आहे.

दुसऱ्या मार्गावर याच विक्रीचा परिणाम निराळा होतो. तेथे 4 किलोचे डॉलरमधील करार मिटवावे लागतात आणि त्याच दिवशी त्या सोन्यापोटीच्या 3 लाख 85 हजार 800 डॉलरचा फॉरवर्ड करार नव्याने करावा लागतो. आतापर्यंत त्या देण्याची ढाल असलेला साठा दुकानातून गेलेला असतो. सणाच्या गर्दीत विक्रीचा तपशील दोन दिवस उशिरा पोहोचला, तर तेवढे दोन दिवस हे देणे उघडे पडते. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी विक्री मोठी असते, हे पाहता ही बाब किरकोळ नव्हे.

प्रकरण उलट दिशेनेही घडू शकते. जुलै 2022 मध्ये गिफ्ट सिटीत सुरू झालेल्या इंडिया इंटरनॅशनल बुलियन एक्स्चेंजवरून पात्र सराफांना थेट सोने आयात करता येऊ लागले. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने 11 दिवसांपर्यंत आगाऊ रक्कम पाठविण्याची परवानगी दिली होती. या पद्धतीत डॉलर आधी जातात, सोने मागून येते. डॉलर रवाना झाले की चलनाचे देणे संपते आणि व्यापाऱ्याची स्थिती जुने सोने घेणाऱ्यासारखी होते. अशा वेळी केवळ डॉलरमध्ये सोने विकून ठेवणे अपुरे पडते. रुपया सुधारला तर साठ्याची किंमत घटेल आणि दुसऱ्या बाजूला कमी होणारे देणेच नसेल. येथे देशी एक्स्चेंजवरील विक्री हाच सरळ उपाय आहे, कारण तेथील भावात सोने आणि डॉलर दोन्ही सामावलेले आहेत.

अर्धे संरक्षण किती महाग पडू शकते, याचे उदाहरण 2013 सालचे आहे. त्या वर्षी मेअखेरीस एक डॉलर 56 रुपयांच्या आसपास होता आणि सोने औंसामागे सुमारे 1,400 डॉलर. जूनअखेरीस सोने 1,200 डॉलरपर्यंत कोसळले, पुढे सावरून 28 ऑगस्ट रोजी पुन्हा 1,400 च्या थोडे वर आले. त्याच दिवशी रुपया मात्र डॉलरमागे 68 च्याही खाली गेला. डॉलरमधील सोने जेथल्या तेथे आणि रुपयांतील सोने विक्रमी उंचीवर, अशी ती स्थिती होती.

मेअखेरीस 90 दिवसांच्या उधारीवर माल घेऊन देशी एक्स्चेंजवर सोने विकून ठेवणारा, पण डॉलर उघडे ठेवणारा व्यापारी या काळात कोठे पोहोचला असता, ते पाहणे उद्बोधक आहे. एक्स्चेंजवरील विक्रीत त्याला मोठा तोटा दिसला असता आणि साठ्याच्या वाढलेल्या किमतीने तो भरून निघाला असता. पण 10 लाख डॉलरच्या देण्यावर डॉलरमागे 12 रुपये, म्हणजे 1 कोटी 20 लाख रुपये, खिशातून गेले असते. गंमत अशी, की काहीच संरक्षण न घेता माल राखून बसलेला शेजारी त्या दिवशी जवळपास सुखरूप होता. त्याचा साठा आणि त्याचे देणे बरोबरीने वाढले होते. अर्थात जूनअखेरीस बिल चुकते करण्याची वेळ आली असती तर सोन्याच्या घसरणीने हाच शेजारी अडचणीत आला असता. त्याचे बचावणे हा तारखेचा योगायोग होता.

ही चूक वेळीच ओळखण्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. रोज संध्याकाळी दोन आकडे काढावेत : किती चोख सोने उघडे आहे आणि किती डॉलर उघडे आहेत. मग सोन्याचा डॉलरमधील भाव आहे तेथेच ठेवून केवळ डॉलर एक रुपयाने महागला असे मानावे आणि साठा, देणे, एक्स्चेंजवरील करार व फॉरवर्ड करार या चौघांची बेरीज पुन्हा करावी. बेरीज बदलली तर चलनाची जोखीम कोठेतरी शिल्लक आहे. नंतर डॉलर स्थिर धरून सोने 10 डॉलरने खाली आणावे आणि तीच बेरीज करावी. नफ्या-तोट्याचा एकत्रित आकडा पाहून हे कळत नाही, कारण एका बाजूचा लाभ दुसऱ्या बाजूची चूक लपवितो.

रोकड आणि शुल्क

हिशोब कागदावर शून्य झाला तरी रोकड सारख्या वेळी येत-जात नाही, ही या पद्धतीची सर्वांत कठीण बाजू आहे. एक्स्चेंजवर सोने विकल्यानंतर भाव चढला की फरकाची रक्कम रोजच्या रोज भरावी लागते. साठ्याची वाढलेली किंमत मात्र दागिना विकला जाईपर्यंत हाती येत नाही. सन 2025 च्या आरंभी 10 ग्रॅमला 80 हजार रुपयांच्या आत असलेला एक्स्चेंजवरील भाव ऑक्टोबरमध्ये 1 लाख 20 हजारांच्या वर गेला. वर्षभर 10 किलोचा साठा आणि तेवढीच विक्री कायम ठेवणाऱ्या पेढीला या काळात 4 कोटी रुपयांहून अधिक रक्कम टप्प्याटप्प्याने भरावी लागली असती. संरक्षण बरोबर असूनही ते मध्येच सोडण्याची पाळी अशा वेळी येते, आणि करार मोडल्यानंतर भाव उतरला तर तोटा दोन्हीकडून होतो. बँकेच्या फॉरवर्ड करारात रोजचा फरक बहुधा मागितला जात नाही. त्यासाठी पेढीची पत-मर्यादा वापरली जाते.

खर्चाबाबत एक गैरसमज आढळतो. डॉलरचा फॉरवर्ड भाव आजच्या भावापेक्षा काहीसा चढा असतो, कारण भारतातील व्याजदर अमेरिकेपेक्षा सामान्यतः जास्त असतात. हा अधिभार वाचविण्यासाठी काही व्यापारी डॉलर उघडे ठेवतात. परंतु त्याच कारणाने एक्स्चेंजवरील पुढच्या महिन्याचे सोनेही आजच्या भावापेक्षा चढे विकले जाते आणि ते विकणाऱ्याला तो फरक मिळतो. डॉलरवर दिलेला अधिभार सोन्यावर बऱ्याच अंशी परत येतो. दोन्ही करार एकत्र पाहणाऱ्यालाच हे दिसते.

शेवटी, गुणाकाराबाहेरची तिसरी गोष्ट म्हणजे आयात शुल्क. केंद्रीय अर्थसंकल्पात 23 जुलै 2024 रोजी सोन्यावरील शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणण्यात आले आणि देशी एक्स्चेंजवरील भाव त्याच दिवशी 10 ग्रॅममागे सुमारे 4 हजार रुपयांनी कोसळला. जुन्या दराने शुल्क भरलेल्या 10 किलो साठ्यावर ही घट सुमारे 40 लाखांची होते. देशी एक्स्चेंजवर विक्री केलेल्यांना ती परत मिळाली, कारण तेथील भावात शुल्कही धरलेले असते. डॉलरमध्ये संरक्षण घेतलेल्यांना काहीच मिळाले नाही. जागतिक बाजाराला भारताच्या शुल्काशी देणेघेणे नव्हते. बंगळुरूतच मुख्यालय असलेल्या टायटन कंपनीने सप्टेंबर 2024 अखेरच्या तिमाहीत या शुल्क-कपातीपोटी सुमारे 290 कोटी रुपयांचा फटका बसल्याचे जाहीर केले होते. त्यामुळे डॉलरच्या मार्गाने जाणाऱ्या आयातदाराला अर्थसंकल्पापूर्वीच्या आठवड्यांत शुल्क भरलेला साठा कमी ठेवणे, किंवा तेवढ्या काळापुरते संरक्षण देशी एक्स्चेंजवर हलवून सोन्यापोटीचे डॉलर फॉरवर्ड कराराने बांधून घेणे, एवढेच करता येते.